हात लावला नाही म्हणजे अहिंसा झाली का?

प्रश्न: आमची मागणी शंभर टक्के न्याय्य आहे, समोरचेही खासगीत तसं कबूल करतात. निवेदनं देऊन झाली, मोर्चा काढून झाला. आता काही जण म्हणतात बेमुदत उपोषणाला बसू, काही म्हणतात साहेबांना घेराव घालू नाहीतर त्यांच्या घरासमोर ठिय्या देऊ. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही हे पक्कं आहे. हेतू इतका चांगला असताना साधनाची एवढी चिकित्सा कशाला करायची?

उत्तर:

आंदोलनात उतरणाऱ्या कार्यकर्त्यांची शिबिरं मी गेली पंचवीसेक वर्षं घेतो आहे, आणि त्याआधी स्वतः रस्त्यावर बरीच वर्षं काढली आहेत. प्रत्येक शिबिरात दुसऱ्या दिवशीच्या सुमारास कुणीतरी हेच विचारतं. माझ्या मते तुमची खरी अडचण हिंसा की अहिंसा ही नाही, ती तुम्ही आधीच सोडवलेली आहे. अडचण अशी की मागणी रास्त असली की आपण दडपण किती आणतो आहोत, ते नेमकं कुणावर पडतं आहे आणि नाही म्हटल्यास त्याची किंमत कोण मोजणार आहे, हे बघायचं सोडून देतो. ‘अंगाला हात लावला नाही’ ही कसोटी फार सैल आहे. तिच्यातून पुष्कळ गोष्टी सुटतात. मी स्वतः तिच्यातून एकदा निसटलो होतो, ते आधी सांगतो.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. हंगामी कर्मचाऱ्यांचं अकरा महिन्यांचं थकलेलं वेतन हा आमचा विषय. त्यात वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं, हजेरीपत्रकं होती, सह्या होत्या. सकाळी अकराला आम्ही साठ-सत्तर जण एका अधिकाऱ्याच्या दालनात शिरलो आणि टेबलाभोवती खाली बसलो. शिवी नाही, धक्का नाही, घोषणासुद्धा थोड्याच. दुपारी चारच्या सुमारास तो गृहस्थ उठला आणि म्हणाला, मला जरा बाहेर जाऊन यायचं आहे. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘सही करा आणि जा की.’ सगळे हसले. मीही हसलो. तो परत बसला. सहाच्या पुढे त्याचा चेहरा घामेजला, कॉलर भिजली, आणि टेबलावरच्या कागदाची घडी घालून उलगडून परत घडी घालणं असं त्याचं सुरू झालं. शिपाई दारातून मला खुणावत होता. जवळ गेलो तर म्हणाला, साहेबांना साखरेचा आजार आहे, डबा आणि औषध बाहेरच्या खोलीत राहिलंय. मी आत येऊन हे आमच्या पुढाऱ्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, ‘मग आता लवकर होईल.’ सव्वासातला सही झाली. आम्ही पुढाऱ्याला खांद्यावर घेतलं.

नऊ दिवसांनी पत्र आलं की सदर आश्वासन दबावाखाली घेतलेलं असल्यामुळे ते बंधनकारक नाही. कायद्याच्या नजरेतूनही दबावाने मिळवलेली संमती ही संमती नसतेच, तेव्हा त्यात आश्चर्य काही नव्हतं. नुकसान झालं ते वेगळ्याच ठिकाणी. पुढच्या दोन बैठकांत थकलेल्या वेतनावर कुणी बोलेचना. जे काही बोलणं झालं ते त्या संध्याकाळबद्दल. आतापर्यंत आम्हाला फाइल कुठल्या टेबलावर आहे ते गुपचूप सांगणारा एक कारकून होता, त्याने ओळख दाखवणं बंद केलं. आणि नंतर कळलं की ती रक्कम मंजूर करणं त्या अधिकाऱ्याच्या हातातच नव्हतं, तो फक्त शिफारस करू शकत होता. म्हणजे आठ तास आम्ही ज्याला कोंडून ठेवलं त्याच्याकडे द्यायला काही नव्हतंच. पैसे मिळाले, पण त्यानंतर चौदा महिन्यांनी.

पुढे वाचताना कळलं की या प्रकाराबद्दल गांधींनी 1921 सालीच लिहून ठेवलं होतं. असहकाराच्या दिवसांत कलकत्त्यात काही विद्यार्थी परीक्षेला जाणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्यांची वाट अडवून आडवे पडले होते. तेही कुणाला हात लावत नव्हते, आत जायचं तर अंगावर पाय देऊन जा एवढंच म्हणत होते. गांधींनी याला जुन्या धरणे धरण्याचा रानटी प्रकार म्हटलं, आणि त्याच्याही पुढे जाऊन भ्याडपणा म्हटलं. कारण असं की आडवं पडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, आपल्याला कुणी तुडवणार नाही. हे वाचलं तेव्हा मला ती भिजलेली कॉलर आठवली. आम्ही त्या दालनात निर्धास्त बसू शकलो ते समोरचा माणूस पोलीस बोलावून लाठीमार करवणाऱ्यातला नव्हता म्हणून. त्याच्या सभ्यपणाच्या जिवावर आम्ही त्याला कोंडला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग दडपण आणायचंच नाही का? संप म्हणजे दडपणच, बहिष्कार म्हणजे दडपणच. बरोबर आहे. दडपणाशिवाय सत्याग्रह होत नाही, आणि जे तसं सांगतात त्यांनी तो केलेला नसतो. फरक दडपण कशाने आणतो यात आहे. संपात मी माझं काढून घेतो, माझे हात, माझं काम. बहिष्कारात माझा पैसा काढून घेतो. कायदेभंगात माझं आज्ञापालन काढून घेतो आणि त्याची शिक्षा भोगतो. समोरच्याचं नुकसान होतं, पण ते मी देत होतो ते बंद झाल्यामुळे होतं, आणि सोसण्याचा पहिला वाटा माझ्याकडे येतो. घेरावात मी त्याचं शरीर, त्याची भूक, त्याची लाज हातात धरतो आणि पिळतो. दोन्हीकडे रक्त सांडत नाही, तरी त्या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत.

उपोषण या दोहोंच्या मधोमध येतं. म्हणून तेच सगळ्यात फसवं साधन आहे, आणि तुमच्यापुढचा पहिला पर्याय तोच असल्यामुळे मी त्याच्यावरच जास्त बोलणार आहे. यासाठी 1918 सालचा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा मी शिबिरात दरवेळी उलगडून सांगतो, कारण त्यात एकाच उपोषणाच्या दोन बाजू स्वच्छ दिसतात.

प्लेगच्या काळात कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरण्यांनी विणकरांना जादा भत्ता दिला होता. साथ ओसरल्यावर मालकांनी तो बंद करायचं ठरवलं. महागाई मात्र महायुद्धामुळे वाढतच होती. कामगारांनी 50 टक्के वाढ मागितली, मालक 20 टक्क्यांपर्यंत आले. कामगारांच्या बाजूने अनसूयाबेन साराभाई उभ्या होत्या आणि मालकांचं नेतृत्व त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल साराभाई करत होते. गांधींनी आधी काय केलं, तर मागणीच तपासली. आकडे गोळा केले, दुसरीकडचे वेतनाचे दर पाहिले आणि कामगारांना सांगितलं की 35 टक्केच मागणं रास्त आहे. आपल्याच लोकांची मागणी खाली आणणं हे आंदोलनाच्या पुढाऱ्याला किती जड जातं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पण साध्य आणि साधन यांचा संबंध इथूनच सुरू होतो. मागणीत घासाघिशीसाठी फुगवलेला भाग असला, तर तो मिळवायला जे दडपण लागेल तेवढं दडपण आपोआपच अन्यायाचं होतं.

22 फेब्रुवारीला मालकांनी टाळेबंदी केली. कामगारांनी शपथ घेतली की 35 टक्के मिळाल्याशिवाय कामावर जायचं नाही, आणि त्या काळात दंगा, मारामारी, मालमत्तेची नासधूस, शिवीगाळ यातलं काही करायचं नाही. याखेरीज गांधींच्या अटी होत्या. कामावर जाणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, भिक्षेवर जगायचं नाही, संप कितीही लांबला तरी दुसरं प्रामाणिक काम करून पोट भरायचं. या अटी ऐकायला उपदेशासारख्या वाटतात, पण त्यातली प्रत्येक अट एक पळवाट बुजवते. कामावर जाणाऱ्याला अडवलं तर संप ही एकमताची गोष्ट आहे की धाकाची, हे कुणालाच कळत नाही, खुद्द संपवाल्यांनाही नाही. भिक्षेवर जगलं तर लढा देणगीदारांच्या हातात जातो. म्हणून आश्रमात विणकामशाळेची इमारत उठत होती तिथे काही कामगार वाळूच्या पाट्या वाहायला लागले. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा व्हायची, रोज पत्रक निघायचं, आणि मिरवणुकीत ‘एक टेक’ असं लिहिलेले फलक असायचे. टेक म्हणजे धरलेला निश्चय.

12 मार्चला मालकांनी टाळेबंदी उठवली. 20 टक्के ज्यांना मंजूर आहेत त्यांनी यावं. पगार नसल्याला आता तीन आठवडे होत आले होते. सभेची गर्दी रोडावली, आलेल्यांचे चेहरे उतरलेले असत. अशात आश्रमातला माणूस चाळीत निरोप घेऊन गेला तेव्हा कामगारांनी त्याला ऐकवलं की गांधींना आणि अनसूयाबेनना काय जातंय, ते मोटारीतून येतात, पोटभर जेवतात, मरतोय ते आम्ही. हे शब्द गांधींच्या कानावर गेले. 15 मार्चच्या सभेत त्यांनी जाहीर केलं की तडजोड होईपर्यंत किंवा कामगार गिरण्या कायमच्या सोडून जाईपर्यंत आपण अन्न घेणार नाही.

कामगारांच्या बाजूने पाहिलं तर या उपोषणात खोट काढणं अवघड आहे. शपथ त्यांनी घेतली होती, ती गांधींच्या सांगण्यावरून घेतली होती, आणि टोमणा होता तो नेमका हाच की तुम्ही आमच्याबरोबर सोसत नाही. गांधींनी सोसण्यात वाटा घेतला. कामगार रडले, तुमच्याऐवजी आम्ही उपाशी राहतो म्हणाले, आणि शपथ टिकली.

पण त्या उपोषणाला दुसरी बाजू होती. मालक काही परके नव्हते. अंबालाल साराभाईंशी गांधींचे जवळचे संबंध होते, अनसूयाबेन तर घरातल्याच. गांधी परोपरीने सांगत राहिले की हे उपोषण तुमच्याविरुद्ध नाही, त्याकडे बघून निर्णय करू नका. ऐकणाऱ्यांना ते जमणं शक्य नव्हतं. ज्याच्याबद्दल आदर आहे तो माणूस आपल्या शहरात, आपल्या निर्णयापायी उपाशी आहे म्हटल्यावर 20 बरोबर की 35 बरोबर हा हिशेब मागे पडतो. तीन दिवसांत, 18 मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी 35 टक्के, म्हणजे कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी 20 टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय येईपर्यंत मधला आकडा, साडेसत्तावीस. लवाद म्हणून आनंदशंकर ध्रुव आले आणि पुढे त्यांनी 35 टक्केच दिले.

म्हणजे मागणी रास्त होती, हे तिऱ्हाइतानेही मान्य केलं. तरी गांधींनी त्याच दिवशी कामगारांना सांगितलं की एका दिवसाच्या 35 टक्क्यांनी शपथेची अक्षरं पाळली गेली, तिचा आत्मा नाही. आणि पुढे आत्मचरित्रात कबूल केलं की या उपोषणात मोठा दोष होता, कारण मालकांशी असलेल्या संबंधामुळे त्याचा परिणाम त्यांच्या निर्णयावर झाल्याशिवाय राहणारच नव्हता. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मागणी बरोबर निघाली म्हणून त्यांनी साधन बरोबर ठरवलं नाही. दोन हिशेब वेगळे मांडले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी याच तऱ्हेने देतो. साधन चांगलं की वाईट हे साध्यावरून ठरत नाही, आणि नुसत्या साधनाच्या नावावरूनही ठरत नाही. तेच उपोषण शपथ घेतलेल्या आपल्या माणसांपुढे एक गोष्ट असते आणि मालकांपुढे दुसरी. बघायचं असतं ते हे की समोरच्याला मागणीवर विचार करायला जागा उरली आहे का, की आता त्याला फक्त आपल्यापासून सुटका करून घ्यायची आहे.

हे कसं ओळखायचं, असं शिबिरात विचारतात. काही खुणा आहेत. समोरचा माणूस मागणीबद्दल बोलायचा थांबून तुमच्याबद्दल बोलायला लागला की सावध व्हावं. मी एका उपोषणाच्या शेवटी आलेलं आश्वासनपत्र हातात घेतलं होतं. त्यात उपोषणकर्त्याच्या प्रकृतीबद्दल काळजीची तीन वाक्यं होती आणि मागणीबद्दल एक, तेही ‘सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल’ असं. मंडपात फटाके वाजत होते. मला दिसत होतं की उपोषण सुटलं की ते पत्रही सुटणार, आणि तसंच झालं. दुसरी खूण म्हणजे समजण्याच्या आधीच मिळालेली कबुली. काल ज्याला मागणीचा तपशील माहीत नव्हता तो आज सही करतो आहे, तर त्याने मागणी मान्य केलेली नाही, तुमचं दडपण उतरवून ठेवलं आहे. असा माणूस सही अंमलात आणत नाही, कारण त्याला ती स्वतःची वाटत नाही.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यासाठी येरवड्याचं नाव घेतल्याशिवाय मराठीत या विषयावर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. 20 सप्टेंबर 1932 रोजी गांधींनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं. 24 तारखेला पुणे करार झाला. हिंदू समाजाचे दोन तुकडे होऊ नयेत हा हेतू गांधींना मनापासून चांगला वाटत होता, याबद्दल मला शंका नाही. पण डॉ. आंबेडकरांना ‘नाही’ म्हणायला जागा किती होती? गांधींचं काही बरंवाईट झालं असतं तर त्याचा सूड गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर निघण्याची भीती खरी होती. नकाराची किंमत उपोषण करणाऱ्याने मोजायची, एवढंच असतं तर गोष्ट वेगळी. इथे ती अशा माणसांनी मोजायची होती, जी त्या खोलीत नव्हती आणि ज्यांच्याकडे स्वतःला वाचवायचं कुठलंच साधन नव्हतं. आंबेडकरांनी पुढे या उपोषणावर अतिशय कठोर टीका केली आणि माझ्या मते ती रास्त होती. करारामुळे राखीव जागांची संख्या वाढली, हे खरं आहे. पण त्यामुळे साधनाचा हिशेब बदलत नाही, जसा तो अहमदाबादेत लवादाच्या निर्णयाने बदलला नाही. तेव्हा तिसरी खूण अशी की समोरच्याने नाही म्हटलं तर मार कुणाला बसेल ते बघायचं. तो तिसऱ्याच कुणाला बसत असेल, तर थांबायचं.

याच गांधींनी सात वर्षांनी स्वतःची चूक उघडपणे मागेही घेतली, तेही जिंकल्यानंतर. राजकोट संस्थानात सुधारणांसाठी एक समिती नेमायचा करार तिथले संस्थानिक ठाकोरसाहेब आणि वल्लभभाई पटेल यांच्यात डिसेंबर 1938 मध्ये झाला होता. समितीवरच्या नावांवरून संस्थानने तो मोडला. 3 मार्च 1939 रोजी गांधी राजकोटला उपोषणाला बसले आणि त्याच वेळी व्हाइसरॉयने मध्ये पडावं असंही त्यांनी सुचवलं. व्हाइसरॉयने प्रकरण सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्याकडे द्यायचं ठरवलं, उपोषण 7 मार्चला सुटलं, आणि एप्रिलच्या सुरुवातीला निकाल पटेलांच्या बाजूने लागला. कागदावर पूर्ण विजय होता. प्रत्यक्षात संस्थानचे दिवाण वीरावाला आणि त्यांची माणसं अडून बसली, नवे तंटे उभे राहिले, काही हलेना. मे महिन्यात गांधींनी जाहीर केलं की या निवाड्याचा फायदा मी सोडून देतो, आणि ठाकोरसाहेब, वीरावाला आणि व्हाइसरॉय यांची माफी मागितली. कारण त्यांनीच दिलं. उपोषण करायचं ठाकोरसाहेबांचं मन वळवायला, आणि त्याच वेळी त्यांच्यावरच्या मोठ्या सत्तेकडे डोळे लावून बसायचं, यात मन वळवण्याची इच्छा खरी नव्हती. कार्यकर्ते चिडले, आणि ते मी समजू शकतो. हातात आलेला निकाल कोण सोडतं? पण वरून आणलेल्या जोराने मिळालेली समिती त्या जोराशिवाय एक दिवस चालणार नव्हती, हे त्या दोन महिन्यांत दिसून आलेलं होतं.

याच्या उलट बाजूही सांगायला हवी. साधन सोज्वळ दिसलं म्हणून साध्य शुद्ध होत नाही. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी हे फार नेमकं मांडलं आहे. चांगल्या ध्येयासाठी वाईट साधन वापरणं चूक आहे, हे त्यांचं जुनं म्हणणं. पण त्या शहरातले पोलीस लोकांसमोर संयमाने वागले म्हणून त्यांची स्तुती होत होती, आणि तो संयम वापरला जात होता वर्णभेद टिकवायला. तेव्हा अन्याय टिकवण्यासाठी चांगलं साधन वापरणं हेही तितकंच, कदाचित जास्तच चूक आहे, असं त्यांनी लिहिलं. आपल्याकडे याला दुराग्रह हा चांगला शब्द आहे. मंडप तोच, बैठक तीच, शांतताही तीच, पण धरून बसलेली गोष्ट दुसऱ्याचा हक्क अडवणारी. म्हणून साधनशुचितेवर बोलताना मागणी तपासायचं काम टळत नाही.

हे सगळं सरसकट लागू होतं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या दाराशी मारेकरी उभे आहेत त्याला मी साधनांचा विवेक शिकवायला जाणार नाही. दोन्ही बाजूंची ताकद किती, हाही फरक आहे. उपाशी मजुरांनी ठेकेदाराला दोन तास अडवणं आणि पाठीशी सत्ता असलेल्या जमावाने एका कारकुनाला अडवणं, यांना मी एका मापाने दोष देणार नाही. आपलं काढून घेणं आणि दुसऱ्याचं धरून ठेवणं ही रेषाही दर वेळी ठळक नसते. रुग्णालयातल्या परिचारिकेने संप केला तर ती आपलंच काम काढून घेते, पण मार खाटेवरच्या रुग्णाला बसतो. म्हणून अशा संपात अतिदक्षता विभाग चालू ठेवतात, आणि तो चालू ठेवल्याने संप दुबळा होत नाही, उलट त्याच्या बाजूने बोलणारे वाढतात. एवढं मात्र खरं की परिस्थितीमुळे दोष कमी होतो, पण दबावाखाली दिलेलं आश्वासन त्यामुळे टिकाऊ होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि चिडलेल्या बैठकीत नेहमी एकमेकांत मिसळतात.

आता तुमच्यापुढचे तीन पर्याय. घरासमोरचा ठिय्या मी एका वाक्यात बाद करतो, त्या घरात राहणाऱ्या बाकीच्या माणसांनी तुमची फाइल अडवलेली नाही. घेरावाचं मी वर सांगितलंच. कार्यालयाच्या दाराशी बसायचं असेल तर जरूर बसा, पण येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी एक बाजू मोकळी ठेवा आणि ती मोकळी ठेवायला दोन जण नेमा. नेमलेली माणसं नसली की गर्दी ती जागा आपोआप भरते, कुणी ठरवून भरत नाही.

उपोषणाबद्दल बैठकीत ठरवण्याआधी एक काम करा. एका कागदावर ज्यांच्या सहीने ही मागणी खरोखर मान्य होऊ शकते त्यांचं पद लिहा, निव्वळ शिफारस करणाऱ्याचं नको. त्याखाली मागणी आकड्यांसह लिहा, तिच्यात घासाघिशीसाठी वाढवलेलं काही असेल ते आज काढून टाका. मग तिसरी ओळ, की या मागणीसाठी आपण स्वतःकडचं काय काढून घेऊ शकतो. काम, पैसे, सहकार्य, एखाद्या समितीतली जागा, काहीही. माझा अनुभव असा की इथे बहुतेक गटांकडे लिहायला पुष्कळ निघतं आणि ते कधी वापरलेलंच नसतं. निवेदन आणि मोर्चा यानंतर एकदम उपोषणावर उडी मारायची सवय लागली आहे, मधल्या पायऱ्या कुणी चढत नाही.

त्या चढूनही उपोषण करावंसं वाटलं, तर ते कुणाला उद्देशून आहे हे उघड सांगा. आपल्याच गटातले शब्द दिलेले लोक मागे हटत असतील तर त्यांच्यासाठी केलेलं, ठरावीक दिवसांचं उपोषण मला मान्य आहे. साहेबांसाठी बेमुदत करायचं असेल तर आधी मला सांगा की ते तुमच्या तब्येतीला घाबरतील की मागणीला. आणि ते सोडायचं कधी, हे बसणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसाचा निर्णय भुकेचा असतो आणि भोवतालच्या गर्दीचा असतो. दोन शांत डोक्याची माणसं आधीच नेमून ठेवा आणि थांबा म्हटलं की थांबायचं हे सगळ्यांसमोर कबूल करून घ्या. त्यातला एक जण शक्यतो असा असावा, जो मुळात उपोषणाच्या विरोधात होता.